टीएसएच ‘नॉर्मल’ असूनही गरोदरपणात थायरॉइडच्या गोळीचा डोस का वाढवतात?

प्रश्न: मला चार वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे आणि मी रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. आता मला सहावा आठवडा सुरू आहे. टीएसएच ३.८ आला. लॅबच्या रिपोर्टवर तो नॉर्मलमध्ये दाखवला आहे, तरी डॉक्टरांनी गोळी १०० ची केली आणि दर महिन्याला रक्त तपासायला सांगितले. रिपोर्ट नॉर्मल असताना डोस का वाढवायचा? इतक्या वेळा रक्त कशाला? आणि ही गोळी बाळाला बाधणार नाही ना?

उत्तर: तुमच्या डॉक्टरांचा निर्णय योग्य आहे, तेव्हा वाढवलेला डोस आजपासूनच सुरू करा. त्यामागचे कारण समजले की दर महिन्याच्या रिपोर्टकडे कसे पाहायचे हेही आपोआप कळेल.

टीएसएच हे पिट्यूटरी ग्रंथीचे संप्रेरक थायरॉइड ग्रंथीला थायरॉक्सिन हे तिचे संप्रेरक बनवायला चेतवते, आणि थायरॉक्सिन कमी पडू लागले की टीएसएच वाढतो. गर्भधारणा झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच स्त्रीच्या शरीराला थायरॉक्सिन जास्त लागू लागते आणि त्याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. इस्ट्रोजेन वाढल्यामुळे रक्तात थायरॉक्सिन वाहून नेणारे प्रथिन वाढते. हे प्रथिन संप्रेरकाला धरून ठेवते, आणि पेशींना उपयोगी पडतो तो मात्र न धरलेला, म्हणजे मोकळा भाग. हा मोकळा भाग पूर्वीइतका राहायचा असेल तर रक्तातील एकूण थायरॉक्सिन वाढावे लागते, आणि साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत ते गर्भधारणेपूर्वीच्या सुमारे दीडपट होते. शिवाय वारेमध्ये थायरॉक्सिन निष्क्रिय करणारे एक विकर असते, म्हणून आईच्या संप्रेरकाचा काही भाग तिथे खर्च होतो. काही भाग वारेतून बाळाकडे जातो. मूत्रपिंडांतून रक्त अधिक वेगाने गाळले जात असल्याने लघवीवाटे आयोडीनही जास्त जाते.

निरोगी थायरॉइड ग्रंथी ही वाढती मागणी स्वतःच पुरवते. वारेतून स्रवणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाची रचना टीएसएचशी मिळतीजुळती असते, त्यामुळे पहिल्या तिमाहीत तेही ग्रंथीला चेतवते. म्हणूनच निरोगी गर्भवतीचा टीएसएच साधारण सातव्या ते बाराव्या आठवड्यात खाली उतरतो. तुमची ग्रंथी आधीच अशक्त आहे. तिला कितीही चेतवले तरी ती हवे तेवढे जास्तीचे उत्पादन करू शकत नाही, आणि तुमच्या शरीरातील थायरॉक्सिनचा मोठा भाग गोळीतून येतो. गोळीतील मात्रा ठरलेली असते. गरज वाढली तरी ती वाढत नाही, ती आपणच वाढवावी लागते.

आता ‘नॉर्मल’चा प्रश्न. रिपोर्टवर छापलेली टीएसएचची मर्यादा बहुधा गर्भवती नसलेल्या प्रौढांची असते, साधारण ०.४ ते ४.५ च्या आसपास. प्रत्येक लॅबची पद्धत निराळी असल्याने हे आकडे थोडे मागेपुढे होतात. पहिल्या तिमाहीत मात्र निरोगी स्त्रियांचीच पातळी खाली येते, म्हणून तिथे वरची मर्यादा साधारण ०.५ ने आणि खालची साधारण ०.४ ने कमी धरावी लागते. जी स्त्री आधीपासून लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमचीच गोळी, घेते तिच्यासाठी ‘मर्यादेच्या आत’ एवढे पुरेसे मानले जात नाही, तिचा टीएसएच २.५ च्या खाली ठेवण्याचे ध्येय असते. त्या मापाने ३.८ ही पातळी जास्त आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती आजची पातळी आहे. गरज सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत वाढत राहणार आहे, म्हणून डोस तसाच ठेवला तर पुढच्या महिन्यात हा आकडा बहुधा आणखी वर गेलेला दिसेल.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण रिपोर्टांची तुलना होतेच. कधीही थायरॉइडची गोळी न घेतलेल्या आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे नसलेल्या गर्भवतीचा टीएसएच ३.८ आला, तर तिला सहसा काहीही औषध लागत नाही. तिच्याकडे उत्पादन वाढवू शकणारी ग्रंथी आहे. आकडा तोच असला तरी निर्णय वेगळा असतो, म्हणून दुसऱ्या कुणाला औषध दिले नाही यावरून तुमच्या औषधाचा अर्थ लावू नका.

हे सगळे इतके काटेकोरपणे करण्यामागे बाळाच्या मेंदूची काळजी आहे. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास संप्रेरक बनवू लागते, पण ती पुरेशी कामाला लागायला अठरा ते वीस आठवडे उजाडतात. तोवर त्याच्या मेंदूला मिळणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणात टीएसएच बराच वाढलेला असूनही उपचार न मिळालेल्या स्त्रियांच्या मुलांचा बुद्ध्यंक सात ते नऊ वर्षांच्या वयात इतर मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी आढळला होता. आईतील स्पष्ट कमतरता गर्भपात, अकाली प्रसूती आणि वाढलेला रक्तदाब यांचा धोकाही वाढवते.

पण ३.८ हा आकडा वाचून घाबरण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या स्त्रियांची कमतरता याहून बरीच जास्त होती. उलट, सौम्य कमतरता असलेल्या गर्भवतींना थायरॉक्सिन देऊन पाहिलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत पाच वर्षांच्या मुलांच्या बुद्ध्यंकात औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत फरक आढळला नाही. त्या चाचणीत औषध सुरू व्हायला सरासरी सोळा-सतरा आठवडे झाले होते, म्हणून पहिल्या तिमाहीबद्दलचा प्रश्न तिने पूर्णपणे सुटत नाही. तरीही तुमच्यासारख्या किंचित वाढलेल्या पातळीमुळे, आणि तीही सहाव्या आठवड्यात सुधारली जात असताना, बाळाचे नुकसान झाले असेल असे मानण्यास आधार नाही. आपण डोस वाढवतो तो झालेले काही भरून काढण्यासाठी नव्हे, तर थायरॉक्सिनची पुढची घसरण टाळण्यासाठी.

बाळाला गोळी बाधेल का, याचे उत्तर नाही असे आहे. लेव्होथायरॉक्सिन म्हणजे तुमची ग्रंथी जे बनवते तेच थायरॉक्सिन, फक्त कारखान्यात तयार केलेले. योग्य मात्रेत ते बाळाला अपाय करत नाही, त्याला ते हवेच असते. याच कारणामुळे गरोदरपणात फक्त लेव्होथायरॉक्सिनच वापरावे. प्राण्यांच्या ग्रंथीपासून केलेल्या किंवा ‘टी-३’, म्हणजे थायरॉइडचे दुसरे संप्रेरक, असलेल्या गोळ्यांत टी-३ चे प्रमाण जास्त असते. त्याने आईचा टीएसएच सुधारलेला दिसतो, पण बाळाच्या मेंदूला लागते ते आईचे थायरॉक्सिन, आणि तेच कमी पडू शकते. असे औषध कुणी घेत असेल तर ते गर्भधारणेपूर्वीच बदलून घ्यावे.

डोस किती वाढवायचा याचा अंदाज पहिल्याच टप्प्यावर ठरलेला असतो. गर्भधारणा कळताच रोजचा डोस साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढवतात. याची सोपी रीत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या: पाच दिवस एक आणि दोन दिवस दोन. थायरॉक्सिन रक्तातून निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागत असल्याने एखाद्या दिवशी दोन गोळ्या झाल्या तरी पातळीत मोठा चढउतार होत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ७५ ची १०० केली, ही वाढ साधारण एक तृतीयांश, म्हणजे जवळपास तेवढीच आहे. ज्यांची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली आहे किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केली आहे त्यांना याहून जास्त वाढ लागू शकते, कारण त्यांच्याकडे उरलेला स्वतःचा साठाच नसतो. आणि टीएसएच १० च्या वर गेला असेल तर २५ मायक्रोग्रॅमची वाढ बहुधा अपुरी ठरते, तेव्हा सुरुवातीलाच मोठी उडी घ्यावी लागते.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते एका नमुन्यावरून सांगते. यातील आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण रोजच्या कामात अशीच मालिका दिसते. ७५ मायक्रोग्रॅमवर असलेल्या एका स्त्रीचा टीएसएच गर्भधारणेपूर्वी २.१ होता. पाचव्या आठवड्यात चाचणी पॉझिटिव्ह येताच तिने फोन केला आणि त्याच दिवशी तिला आठवड्याला दोन जादा गोळ्या सुरू करायला सांगितल्या. म्हणजे आठवड्याचे ६७५ मायक्रोग्रॅम, रोजचे सरासरी ९६ च्या आसपास. दुसऱ्या दिवशी दिलेल्या रक्तात टीएसएच ४.६ आला. एकाच दिवसाच्या वाढीचा परिणाम टीएसएचवर दिसत नाही, म्हणून हा आकडा जुन्या डोसचाच आहे आणि तो पाहून डोस लगेच पुन्हा वाढवण्याची गरज नव्हती. पुढे नवव्या-दहाव्या आठवड्यात टीएसएच १.४ आला. डोस योग्य होता.

चौदाव्या आठवड्यात मात्र तो ३.४ झाला. अशा वेळी अनुभवी डॉक्टर गोळीची ताकद बदलण्याआधी एक प्रश्न विचारतात: मधल्या महिन्यात नवे काय सुरू झाले? तिला बाराव्या आठवड्यापासून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, आणि आठवणीत राहावे म्हणून ती सर्व औषधे सकाळी एकदमच घेत होती. लोह आणि कॅल्शियम दोन्ही आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात कमी शोषले जाते. गोळी पोटात जाते, पण शरीराला पूर्ण मिळत नाही. तिने लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्री घ्यायला सुरुवात केली. वाढ किंचित असल्याने डोस तसाच ठेवला आणि चार आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा टीएसएच २.० आला. त्या वेळी तो ६ असता तर मी वाट पाहिली नसती, वेळाही बदलायला सांगितल्या असत्या आणि डोसही वाढवला असता. तिसाव्या आठवड्यात तो १.८ होता आणि पुढे काही बदलावे लागले नाही.

ही चूक इतकी सर्रास घडते की तुमच्या बाबतीत आत्ताच सांगून ठेवते. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्या आणि नाश्त्यापूर्वी अर्धा ते एक तास जाऊ द्या. लोह, कॅल्शियम आणि ते असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांच्यापासून किमान चार तासांचे अंतर ठेवा. सकाळी उलट्या होत असतील तर गोळी रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी घेतली तरी चालते, मात्र वेळ एकच ठेवा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा घ्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चुकलेली गोळी त्या दिवसाच्या गोळीबरोबर घेता येते. आणि शक्यतो एकाच कंपनीची गोळी घ्या, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या शोषल्या जाण्यात थोडा फरक असू शकतो.

दर महिन्याला रक्त कशासाठी, हा तुमचा दुसरा प्रश्न. एरवी डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि आम्ही तेवढे थांबतोही. गरोदरपणात तेवढे थांबता येत नाही, कारण डोस स्थिर होईपर्यंत गरजच पुढे सरकलेली असते. चार आठवड्यांत टीएसएचची दिशा पुरेशी कळते, म्हणून विसाव्या आठवड्यापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी आणि त्यानंतर तिसाव्या आठवड्याच्या सुमारास किमान एकदा तपासणी करतात. मध्ये डोस बदलला असेल तर चार आठवड्यांनी आणखी एकदा. विसाव्या आठवड्यानंतर गरज बहुधा स्थिर होते, म्हणून तपासण्या विरळ होतात. लक्षणांवर भिस्त ठेवता येत नाही, कारण थकवा, बद्धकोष्ठता, वजन वाढणे, झोप येणे हे सर्व गरोदरपणात थायरॉइड ठीक असतानाही होते.

टीएसएचवरच इतका भर का, असाही प्रश्न अनेकजणी विचारतात. रक्तातील मोकळ्या थायरॉक्सिनमध्ये थोडा फरक पडला तरी पिट्यूटरी ग्रंथी टीएसएचमध्ये त्याच्या कितीतरी पट फरक करते, त्यामुळे कमतरता तिथे लवकर दिसते. शिवाय ‘फ्री टी-४’, म्हणजे हेच मोकळे थायरॉक्सिन, मोजण्याच्या नेहमीच्या यंत्रांना गरोदरपणातील बदललेली प्रथिने गोंधळात टाकतात आणि विशेषतः शेवटच्या तिमाहीत तो आकडा खरा नसतानाही कमी दिसू शकतो. टीएसएच चांगला असताना फक्त फ्री टी-४ किंचित कमी दिसला म्हणून डोस वाढवू नये. शंका राहिलीच तर एकूण टी-४ मोजून तो सोळाव्या आठवड्यानंतर नेहमीच्या मर्यादेच्या दीडपटीशी ताडून पाहतात.

रक्त देताना दोन गोष्टी सांभाळा. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-४ तात्पुरता वाढलेला असतो. उपाशी राहण्याची मात्र गरज नाही. दुसरे, केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेची गोळी घेत असाल तर ती डॉक्टरांना आणि लॅबला सांगा आणि तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवा. काही यंत्रांमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त येतो. तो रिपोर्ट पाहून कुणी डोस कमी केला, तर गरज असतानाच औषध कापले जाते.

आणि याउलट पातळी खाली गेली तर? नवव्या ते बाराव्या आठवड्यात टीएसएच ०.२ किंवा ०.३ आला तरी लगेच ‘डोस जास्त झाला’ असे म्हणता येत नाही, कारण त्याच काळात एचसीजी शिखरावर असते आणि तुमच्या ग्रंथीचा थोडासा जरी भाग काम करत असेल तरी तो चेतवला जातो. फ्री टी-४ नेहमीच्या मर्यादेत असेल, छातीत धडधड, हाताला कंप, उष्णता सहन न होणे असे काही नसेल, तर बहुधा डोस तसाच ठेवून चार आठवड्यांनी पुन्हा पाहणे योग्य ठरते. टीएसएच जवळजवळ शून्य, टी-४ जास्त आणि लक्षणेही असतील तर डोस कमी करावा, साधारण २५ मायक्रोग्रॅमने. डोस अचानक निम्मा करणे किंवा गोळी बंद करणे हे कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून करू नका. थायरॉइड अतिकार्यक्षम असण्याचा आजार ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, त्याची औषधे आणि नियम निराळे, ते तुम्हाला लागू नाहीत.

आयोडीनबद्दलही थोडे सांगते. गरोदरपणात रोज एकूण सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुम्ही थायरॉक्सिन घेत असलात तरी बाळाच्या ग्रंथीला ते लागतेच. आयोडीनयुक्त मीठ चालू ठेवा. पण समुद्री शेवाळाच्या पुड्या किंवा जास्त मात्रेच्या आयोडीनच्या गोळ्या ‘थायरॉइडसाठी चांगल्या’ म्हणून घेऊ नका, अति आयोडीनमुळे बाळाची ग्रंथी मंदावू शकते.

प्रसूतीनंतर वार बाहेर पडते आणि वाढलेली गरज काही दिवसांतच ओसरते. म्हणून बहुतेक स्त्रियांना प्रसूतीनंतर लगेच गर्भधारणेपूर्वीच्या डोसवर, म्हणजे तुमच्या बाबतीत ७५ वर, परत आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच तपासतात. ही तपासणी बाळाच्या धावपळीत हमखास राहून जाते, आणि वाढवलेला १०० चा डोस तसाच चालू राहिला तर दोन-तीन महिन्यांनी धडधड, घाम, झोप न लागणे सुरू होते आणि ते सर्व जागरणाच्या खात्यावर टाकले जाते. उलट, तुमच्या कमतरतेचे कारण हाशिमोटोचा आजार असेल, म्हणजे थायरॉइडविरोधी टीपीओ प्रतिपिंडे पॉझिटिव्ह असतील, तर प्रसूतीनंतर काही महिन्यांत गरज पूर्वीपेक्षा वाढलेलीही आढळते. दोन्ही शक्यता रक्तावरूनच कळतात, म्हणून डिस्चार्जच्या वेळीच कोणता डोस घ्यायचा आणि सहा आठवड्यांनी कोणत्या तारखेला रक्त द्यायचे हे कागदावर लिहून घ्या. स्तनपान करताना गोळी चालू ठेवता येते, दुधात ती अत्यल्प जाते. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत केली जाणारी टीएसएचची चाचणी मात्र तुमचे सर्व रिपोर्ट चांगले असले तरी करून घ्या, कारण बाळाची ग्रंथी जन्मतः नीट नसेल तर ते आईच्या रिपोर्टवरून कळत नाही आणि त्याला औषध पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू व्हावे लागते.